चित्राखालची रिकामी पट्टी

मी लोकांसाठी तक्ते बनवते. सोसायटीच्या जिन्यात लावायचा ओल्या-सुक्या कचऱ्याचा तक्ता, दवाखान्यात हात धुण्याच्या पायऱ्यांचा तक्ता, लिफ्ट बंद पडली तर काय करायचं त्याचा तक्ता. ठसठशीत रंगांची सपाट चित्रं, सारख्या मापाच्या चौकटी आणि प्रत्येक चित्राखाली दोन-तीन शब्द. वाशीला एका जुन्या शॉपिंग सेंटरच्या पहिल्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक मोठा प्रिंटर आणि माझी जीभ. ही जीभ गिऱ्हाइकांना फार आवडते असं नाही, पण काम नीट होतं म्हणून ती परत येतात.

हल्ली चित्रं मी कॉम्प्युटरकडूनच काढून घेते. काय हवंय ते वाक्यात लिहायचं आणि मिनिटभरात चित्र समोर. पाचपन्नास वेळा नाकारावं लागतं, पण शेवटी चांगलं मिळतं. अक्षरं मात्र त्याच्याकडून कधीही घ्यायची नाहीत, हा माझा कायदा आहे. मशीनला अक्षर म्हणजे काय ते ठाऊक नसतं, असं मी गिऱ्हाइकांना सांगते. झाडाची पानं काढावीत तशी ते अक्षरं काढतं. इंग्रजीतला एखादा मोठा शब्द निभावून नेतं, मराठीत मात्र बहुतेकदा पंचाईत होते. वरची रेघ अगदी झोकात ओढतं आणि तिच्याखाली काहीतरी लोंबकळत ठेवतं. लांबून मराठी वाटतं, जवळ गेलं की कुठल्याच भाषेचं नसतं. आणि समजा नशिबाने अक्षरं बरोबर आली, तरी ती चित्रातच मुरलेली असतात. उद्या कचऱ्याचा वार बदलला तर? एका सोसायटीच्या कमिटीने माझ्याकडून वार तीनदा बदलून घेतला होता. शब्द चित्रापासून वेगळे ठेवले होते म्हणून मी दर वेळी पाच मिनिटांत मोकळी झाले, आणि दर वेळी त्यांच्यावर ओरडायलाही वेळ मिळाला.

एवढं सगळं मला कळत होतं. तरी बाबांच्या वेळी मी माती खाल्ली.

बाबांना अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा तीन महिने झाले होते. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला होता. पाय हळूहळू परत येत होता, बोलणं मात्र गेलं ते गेलंच. एक शब्द तेवढा उरला होता, "बरं". पाणी हवं तरी बरं, पाठ दुखली तरी बरं, आणि कोणी चुकीचा अंदाज केला की चिडूनही बरंच. दिवसभर आई त्यांच्या तोंडाकडे बघत वेगवेगळ्या वस्तू पुढे करायची. बेलापूरजवळच्या आमच्या गावठाणातल्या घरात ती दोघंच राहतात. मी करंजाड्याला. रोज दुपारी ऑफिसातून निघून मी आधी त्यांच्याकडे जायचे आणि मग घरी.

बाबांना बोलण्याचे व्यायाम शिकवायला वाशीच्या एका दवाखान्यात एक बाई होत्या. स्पीच थेरपिस्ट. शांत बाई, माझ्या अगदी उलट. एकदा त्या म्हणाल्या, "घरी एक बोर्ड करा. सुरुवातीला सहाच चित्रं. रोज लागणाऱ्या गोष्टी. चित्राखाली मोठ्या अक्षरात एकेक शब्द. ते बोट ठेवतील, तुम्हाला कळेल."

मी हसलेच. म्हटलं, "मॅडम, हा तर माझा धंदाच आहे. उद्याच करून घरी नेते."

तो सगळा तोरा होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तीन कामं अडकली होती. मी घाईघाईत कॉम्प्युटरला लिहिलं: सहा चौकटींचा तक्ता, सपाट चित्रं, पाणी, चहा, जेवण, संडास, पंखा, दुखतंय, प्रत्येकाखाली मराठी नाव. एरवी मी नावाचा उल्लेखही करत नाही. चित्र आलं ते इतकं देखणं, की मी खुर्चीत मागे रेलले. निळा पेला, तांबडा कप, हिरव्या काठाचं ताट, चौकटींमध्ये सारखं अंतर. खाली अक्षरं. "चहा" जवळजवळ चहाच होता, फक्त ह च्या डोक्यावर एक मात्रा उगाच येऊन बसली होती. "पाणी" ओळखू येत होतं. बाकीच्या चार शब्दांत अक्षरासारखं दिसणारं पुष्कळ होतं, पण अक्षर एकही नव्हतं.

मला ते दिसलं. दिसलं नाही असं मी आता म्हणणार नाही. मी काय विचार केला तेही नीट आठवतं. झटका आला त्या आठवड्यात मोठ्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरने म्हटलं होतं, की वाचणं-लिहिणंही गेलेलं असू शकतं. "असू शकतं" यातलं "असू शकतं" मी कधीच गाळून टाकलं होतं. म्हटलं, बाबांना कुठे वाचायचंय? त्यांना चित्र पुरे. अक्षरं पुढच्या आठवड्यात सवडीने बदलू. छापलं, लॅमिनेट केलं आणि दुपारी घेऊन गेले. गिऱ्हाइकाला मी असला तक्ता मेले तरी दिला नसता.

बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. मी बोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला आणि मोठ्या आवाजात, ते बहिरे असल्यासारखं, सांगायला लागले, "बाबा, हे बघा, चहा हवा असला की इथे बोट. पंखा हवा असला की इथे." त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. डाव्या हाताचं बोट बोर्डावर टेकवलं, पण कपाच्या चित्रावर नाही, त्याच्या खाली. बोट डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकलं. मग पुढच्या चौकटीखाली. मग त्याच्या पुढच्या. सहाही चौकटी झाल्यावर ते पुन्हा पहिलीशी आले. कपाळावर घाम. आई म्हणाली, "बघ, कसं निरखून बगतान. आवडला वाटतं त्यांना."

त्यांनी बोर्ड उलटा करून मांडीवर पालथा घातला आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. एवढं काम टाकून करून आणलं, आणि यांना किंमत नाही. मी आईला म्हटलं, "हट्टी आहेत, दुसरं काही नाही," आणि चहा न घेता निघाले.

पुढचे चार दिवस बोर्ड कपाटाला टेकून उभा होता. पाचव्या दिवशी आई मला दारातच भेटली. तिचा आवाज पडलेला होता. "बाय, ते पेपर पन घेत नाय आता."

"कुठला पेपर?"

"रोज सकाळी घ्यायचं ना हातात. तास तास धरून बसायचं. मना वाटायचं सवय हाय. आता दिला की बाजूला सारतान. काल फाडला."

झटक्यानंतर बाबा रोज पेपर धरून बसत होते हे मला ठाऊकच नव्हतं. मी दुपारी यायचे, पेपर सकाळी यायचा. आणि ते पेपरचं काय करतात हे आईला सांगण्यासारखं वाटलं नव्हतं, कारण आई स्वतः वाचत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. बाईंनी पांढऱ्या कागदावर ठळक छापलेले चार शब्द बाबांच्या पुढे मांडले. नेहमी ते निदान बघायचे तरी. आज त्यांनी डोळेच मिटून घेतले. बाईंनी विचारलं, "घरी काही झालं का?" मी तक्रार करायच्या सुरात बोर्ड पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. "हा केलाय. हात लावत नाहीत."

बाईंनी बोर्ड उचलला. चित्रं पाहिली, मग खालच्या ओळी. मग मला म्हणाल्या, "जरा बाहेर येता?"

बाहेर पॅसेजमध्ये त्यांनी आवाज न चढवता जे सांगितलं ते मी शब्दाला शब्द सांगू शकणार नाही, पण मतलब असा. त्यांना गेल्या दोन आठवड्यांपासून वाटत होतं, की बाबा लांब वाक्य नाही, पण सुटे, ओळखीचे शब्द वाचत असावेत. खात्री झाली की मला सांगणार होत्या. म्हणूनच त्यांनी चित्राखाली शब्द मागितले होते. "त्यांनी हा बोर्ड वाचून बघितला असणार," त्या म्हणाल्या. "आणि वाचता आला नाही. तुम्हाला-मला नाही वाचता आलं तर आपण म्हणू, कागद चुकीचा आहे. त्यांना विचारता येत नाही ना, की चूक कागदाची आहे की माझी."

बाबांचं बोट डोळ्यांपुढे आलं, डावीकडून उजवीकडे सरकणारं. माणूस सगळं गमावून एक कोपरा कसाबसा राखून बसला होता, रोज सकाळी पेपर धरून तपासत होता की तो अजून आहे ना. आणि मी जाऊन त्यांना पटवलं की तोही गेला. माझ्या घाईने. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

बाबा कोण होते हे सांगायला हवं, म्हणजे माझा गाढवपणा पूर्ण कळेल. हे शहर वसवायला आमची भातशेती गेली आणि तिच्या बदल्यात बाबांना नगररचनेच्या कार्यालयात नोकरी लागली, ट्रेसर म्हणून. मोठ्या आराखड्यांवर अर्धपारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि शाईच्या पेनाने रेघ न रेघ उतरवून काढायची. त्यांचं अक्षर चांगलं, म्हणून सेक्टरांचे आकडे आणि रस्त्यांची नावं घालायचं काम हळूहळू त्यांच्याकडेच आलं. आमचं शेत ज्या सेक्टरात गेलं त्याचा आकडाही त्यांनीच घातला होता. मी लहानपणी ऑफिसात डबा घेऊन गेले की ते मला उंच स्टुलावर बसवायचे. नकाशा पूर्ण, पण नावं एकही नाहीत, असा कागद टेबलावर असायचा. मी विचारायचे, नावं कुठायत? ते म्हणायचे, "आधी रेघा सुकू देत. जागा किती उरते ते बघू दे. नाव सगळ्यात शेवटी." रेघांबरोबर घाईत नाव टाकलं आणि चुकलं, तर ब्लेडने खरवडताना खालची रेघही जायची. म्हणून शेवटी, वेगळं, हात स्थिर करून. माझा जो कायदा मी गिऱ्हाइकांना ऐकवते तो काही माझ्या अकलेतून आलेला नाही.

दवाखान्यातून त्या दुपारी ऑफिसात गेले आणि आधी शॉर्टकट मारून बघितला. माणूस सुधारायला वेळ लागतो. कॉम्प्युटरला म्हटलं, हेच चित्र ठेव, फक्त पंख्याखालचा शब्द दुरुस्त कर. त्याने पंख्याचं पातं वाढवलं, ताटाचा काठ पिवळा केला आणि शब्द आणखी वाईट लिहिला. पुन्हा सांगितलं, तर कपाचा कानच गायब. मग मी सगळं मिटवलं आणि शिस्तीत बसले.

या वेळी शब्द, नाव, तक्ता, असलं काहीच लिहिलं नाही. नाव म्हटलं की ते कुठेतरी गिचमीड करणारच. फक्त लिहिलं: दोन ओळींत तीन-तीन सारख्या चौकटी, पांढरी पार्श्वभूमी, प्रत्येक चौकटीत एकच ठळक सपाट आकार, आणि आकाराच्या खाली फिकट रंगाची कोरी पट्टी. "दुखतंय"साठी पहिल्या बोर्डात बँडेज लावलेलं बदामाच्या आकाराचं हृदय आलं होतं. ते काढून गुडघा धरून बसलेला माणूस मागितला. पंधरा-वीस चित्रं टाकून दिली तेव्हा एक बरं मिळालं. सहा चित्रं, सहा कोऱ्या पट्ट्या. शब्द मी वेगळे टाइप केले, साध्या जाड अक्षरात, काळ्यावर पांढरं असलं काही कौतुक न करता फिकटावर काळं. पण ते चित्रावर बसवले नाहीत. शब्द बाबांनाच लावू दिले तर, असं बाईंना फोन करून विचारलं आणि त्या म्हणाल्या, करून बघा. शब्दांच्या मी सहा सुट्या पट्ट्या छापल्या आणि कापल्या. बोर्डावरची चित्रांखालची जागा कोरीच ठेवली.

शनिवारी सकाळीच गेले. पिशवीत नवा बोर्ड होता, पट्ट्या होत्या आणि जुना बोर्डही होता. जुना घरी ठेवून जायचं फार मनात होतं. पण मग चूक कागदाची होती हे बाबांना कळलं कसं असतं?

बाबांच्या पुढ्यात जेवणाचं छोटं टेबल ओढलं आणि मी खाली जमिनीवर बसले. पहिल्यांदा जुना बोर्ड ठेवला. त्यांनी लगेच मान फिरवली. मी म्हटलं, "बाबा, हे मला पण वाचता येत नाही."

मान तशीच.

"खरंच सांगते. यात शब्दच नाहीत. मशीनने नुसत्या रेघोट्या मारल्यात. मी बघितलं होतं, तरी तसंच छापलं. तुम्हाला वाचता येत नसेल असं समजले. चूक माझी आहे. तुमची नाही." शेवटी मला रडू आवरता आलं नाही. आई दारात पदर हातात धरून उभी होती.

बाबांनी हळूहळू मान वळवली. बोर्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आई शेजारी आली तेव्हा मी बोट ठेवून तिला विचारलं, "इथे काय लिहिलंय, तुला तरी कळतंय का?" आई म्हणाली, "मना काय इचारतस, मना कुटं वाचाला येतं?" आणि मग रडता रडता मलाच हसू आलं. बाबांच्या तोंडाचा डावा कोपरा किंचित हलला.

जुना बोर्ड टेबलाच्या टोकाला सारून मी नवा बोर्ड पुढे सरकवला. कोऱ्या पट्ट्या बघून त्यांचा चेहरा बदलला. ते पुढे झुकले. बोटाने चौकटींमधलं अंतर मोजल्यासारखं करत गेले, एक, दोन, तीन. खालच्या ओळीत मधल्या चौकटीवर थांबले आणि तिथे दोनदा टकटक केलं. मी वाकून पाहिलं. संडासाचं चित्र बाकीच्यांपेक्षा केसभर वर बसलं होतं. सहा तास त्या चित्रापुढे बसून मला ते दिसलं नव्हतं. "दुरुस्त करते, साहेब," मी म्हटलं.

मग सुट्या पट्ट्या टेबलावर पसरल्या. काहीच सांगितलं नाही. बाईंनी बजावलं होतं, घाई करू नका, मदत करू नका. गप्प बसणं हे माझ्यासाठी किती अवघड असतं ते माझ्या नवऱ्याला विचारा. आई आणि मी बसून राहिलो. बाहेर भाजीवाला येऊन गेला.

बाबांनी एक पट्टी ओढली. चहा. बोट तिच्यावरून सरकलं, डावीकडून उजवीकडे. पातळ पट्टी चिमटीत उचलण्याइतका डावा हात अजून सरावला नव्हता, म्हणून ती टेबलावरूनच ढकलत ढकलत बोर्डावर नेली आणि तांबड्या कपाखालच्या कोऱ्या जागेत ठेवली. थोडी तिरकी झाली होती. ती त्यांनी बोटाने सरळ केली.

आई उठली, "चाय ठेवते." बाबांनी हात वर करून तिला थांबवलं. चहा नको होता. ती पुन्हा खाली बसली.

पाणी पेल्याखाली गेलं. जेवण ताटाखाली. पंख्याच्या पट्टीवर बोट ठेवून ते बराच वेळ थांबले, एकदा चुकून ताटाकडे निघाले, मग स्वतःच मागे फिरून बरोबर जागी आले. संडास त्या वर सरकलेल्या चित्राखाली ठेवताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला दहावीच्या निकालाचा दिवस आठवला. पाच पट्ट्या बसल्या. वाचत होते. माझे बाबा वाचत होते.

सहावी पट्टी उरली होती, "दुखतंय". गुडघा धरलेल्या माणसाखालची जागा कोरी होती, आणि एकच पट्टी, एकच जागा, आता चुकायचं काही कारण नव्हतं. बाबांनी पट्टी वाचली. मग ती नव्या बोर्डापासून दूर, टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे ढकलत नेली, जुन्या बोर्डापर्यंत. आणि त्या गिचमीड अक्षरांवर नेऊन ठेवली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय दुखतं हाय?" आई घाबरून पुढे झाली. "गुडघा? पाय?"

मी म्हटलं, "नाही आई. मला सांगतायत."

झटक्यानंतर त्यांनी आम्हाला शब्दाने सांगितलेली ती पहिली गोष्ट होती. मी ती पट्टी तिथून काढली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन नव्या बोर्डासाठी तो एक शब्द पुन्हा छापला.